स्क्रीनशॉट की पीडीएफ? नेटवर्क नसलेल्या स्टेशनवर कोणते तिकीट चालते



६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे म्हटले की इचलकरंजीत पहिला प्रश्न गाडीचा येतो. आपल्या गावाला रेल्वे स्टेशन नाही. हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज नाहीतर कोल्हापूर, यांपैकी एक गाठावे लागते. बहुतेक जण ५ तारखेच्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरतात आणि ६ तारखेच्या सकाळी दादरला उतरतात. तिकिटे एखाद्या कार्यकर्त्याच्या मोबाईलवरून काढली जातात आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली जातात. त्यानंतर ‘तिकीट आले’ असे समजून सगळे निर्धास्त होतात.

आम्हीही तसेच निर्धास्त होतो. एका वर्षी आमच्या सहा जणांचे एकच तिकीट होते, हातकणंगले ते दादर, स्लीपरचे. ज्याने ते काढले तो आधीच्या गाडीने पुढे गेला होता. हातकणंगल्याच्या फलाटावर गाडी यायच्या दहा मिनिटे आधी आमच्यातल्या एका काकूंनी विचारले, “आपला डबा कुठला रे?” सगळ्यांनी मोबाईल काढले. दोघांकडे तिकिटाचा धूसर चौकोन दिसत होता आणि त्यावर खाली जाणारा बाण गोल फिरत होता. एकाकडे स्क्रीनशॉट होता, पण त्यात डब्याचा नंबरच आला नव्हता. एकाकडे पूर्ण पीडीएफ होती, पण ती तिकीट काढले त्या दिवसाची. त्यात चार जणांना जागा आणि दोघे वेटिंगवर, असे लिहिलेले होते. नेटवर्कच्या काड्या पूर्ण दिसत होत्या आणि तरी काहीच उघडत नव्हते.

त्या रात्री गाडी चुकली नाही. पण दुसऱ्या दिवशी मुंबईत लोकलच्या तिकिटावरून आमच्या दोन मुलांना दंड भरावा लागला, आणि त्यामागचा घोळ याच जातीचा होता. तेव्हापासून आम्ही हे नियम नीट समजून घेतले. स्क्रीनशॉट चांगला की पीडीएफ, याचे उत्तर तिकीट कोणत्या प्रकारचे आहे यावर अवलंबून आहे.

आरक्षित तिकिटाचा खरा पुरावा

आरक्षित ई-तिकीट म्हणजे ज्यावर आपले नाव, वय आणि दहा आकडी पीएनआर असतो ते. या तिकिटाचा मूळ पुरावा आपल्या मोबाईलमध्ये नसतो, रेल्वेच्या चार्टमध्ये असतो. तिकीट तपासनीसाच्या हातातल्या यंत्रात किंवा कागदावर प्रत्येक डब्यातल्या प्रवाशांची यादी असते. आपण दाखवतो ते त्या यादीतल्या आपल्या ओळीकडे बोट दाखवण्याचे साधन असते. तपासनीस पीएनआर आणि नाव यादीशी जुळवतो, ओळखपत्र पाहतो आणि पुढे जातो.

म्हणून या तिकिटाच्या बाबतीत रेल्वेने सवलत दिलेली आहे. छापील प्रत सक्तीची नाही. मोबाईलच्या पडद्यावर दिसणारे तिकीट चालते, मग ती पीडीएफ असो की स्क्रीनशॉट. तिकीट काढल्यावर आयआरसीटीसीकडून येणारा एसएमएसही चालतो. कायद्याच्या दृष्टीने या तिन्हींत लहानमोठे काही नाही. ‘स्क्रीनशॉट दाखवला तर दंड होतो’ असे आपल्याकडे ऐकवले जाते. आरक्षित तिकिटापुरते ते खरे नाही.

समजा काहीच दाखवता आले नाही, मोबाईल बंद पडला, पण चार्टमध्ये नाव आहे आणि मूळ ओळखपत्र खिशात आहे. अशा वेळी नियमाप्रमाणे एका तिकिटामागे ५० रुपये भरून प्रवास करता येतो. एका कागदावर लिहिलेला पीएनआर तेव्हा फार उपयोगी पडतो, कारण त्यावरून तपासनीसाला यादीतली ओळ लगेच सापडते.

ओळखपत्राचे मात्र उलटे आहे. तिकिटाचा फोटो चालतो, ओळखपत्राचा फोटो चालत नाही. गॅलरीत ठेवलेले आधार कार्डाचे चित्र किंवा झेरॉक्स म्हणजे मूळ ओळखपत्र नव्हे. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याने दिलेले आधार किंवा वाहन परवाना रेल्वे मान्य करते, पण आपणच फोटो काढून तिथे चढवलेले कागद मान्य करत नाही. शिवाय नेटवर्क नसेल तर डिजिलॉकर उघडेलच याचा भरवसा नाही. एका तिकिटावरच्या प्रवाशांपैकी एकाचे मूळ ओळखपत्र पुरते. पण सहा जण दोन डब्यांत विभागले गेले, तर दुसऱ्या डब्यातला तपासनीस तुमच्या डब्यात येऊन ओळखपत्र पाहणार नाही. म्हणून प्रत्येकाने आपापले कार्ड सोबत ठेवावे. ओळखपत्र अजिबातच नसेल तर हाती सुंदर पीडीएफ असूनही तुम्ही विनातिकीट ठरता.

‘डाउनलोड’ झालेच नव्हते

आता हातकणंगल्याच्या फलाटावर परत येऊ. दोघांच्या मोबाईलमध्ये तो बाण का फिरत होता?

व्हॉट्सॲपची मूळची रचना अशी असते की मोबाईल डेटावर असताना फोटो आपोआप उतरतात, पण कागदपत्रे आपोआप उतरत नाहीत. ती वाय-फायवर असतानाच आपोआप उतरतात. आपल्या बहुतेक घरांत वाय-फाय नाही. म्हणजे ग्रुपवर टाकलेल्या तिकिटाचा फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पोचतो, पण पीडीएफ पोचत नाही. तिचे फक्त नाव दिसते. तिला बोट लावल्यावर ती उतरते, आणि बोट आपण स्टेशनवर लावतो.

ईमेलचेही असेच आहे. ईमेलमध्ये आलेले तिकीट उघडून पाहिले म्हणजे ते मोबाईलमध्ये साठवले गेले असे होत नाही. ते इंटरनेटवरून दाखवले जाते. गूगल ड्राइव्हमध्ये ठेवलेल्या फाईलची हीच गत. आयआरसीटीसीच्या ॲपमध्ये तिकीट दिसते म्हणून खुशाल राहणारे तर कितीतरी आहेत. ॲप पुन्हा उघडताना लॉगिन मागते आणि लॉगिनला नेटवर्क लागते.

काड्या पूर्ण असून इंटरनेट का चालत नाही, हेही समजून घ्यावे. काड्या फक्त टॉवरचा सिग्नल किती जोरात येतो ते सांगतात. त्या टॉवरवर किती मोबाईल एकाच वेळी डेटा मागत आहेत, हे त्या सांगत नाहीत. ६ डिसेंबरला शिवाजी पार्क आणि दादर परिसरात लाखो लोक असतात. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो आणि प्रत्येक जण फोटो पाठवत असतो. टॉवरची क्षमता वाटली जाते आणि एकेकाच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरत नाही. अशा वेळी डेटा आधी बसतो, फोन आणि एसएमएस कधी कधी तग धरतात. म्हणून फोन लागत असेल तर १३९ वर पीएनआर सांगून स्थिती विचारता येते, इंटरनेटची गरज पडत नाही.

खात्री करण्याचा उपाय एकच आहे आणि त्याला अर्धा मिनिट लागतो. घरी असताना मोबाईल विमान मोडवर टाका, उघडी असलेली सगळी ॲप बंद करा, मग तिकीट उघडा. उघडले आणि नाव वाचता आले, तर ते तुमच्याकडे आहे. बाण फिरू लागला किंवा लॉगिन मागितले, तर ते तुमच्याकडे नाही.

स्क्रीनशॉटमधून काय सुटते

स्क्रीनशॉटचा मोठा गुण हा की तो लगेच गॅलरीत जातो. त्याला वेगळे ॲप लागत नाही, आणि वयस्कर माणसालाही फोटो उघडता येतो. त्याचा दोष असा की त्यात पडद्यावर त्या क्षणी जेवढे दिसते तेवढेच येते.

ई-तिकीट लांबट असते. वर पीएनआर, गाडीचा नंबर, तारीख आणि कुठून कुठे ते असते. त्याच्या खाली प्रवाशांचा तक्ता असतो, त्यात नाव, वय, डबा आणि बर्थ. मोबाईलच्या एका पडद्यावर हे सगळे वाचता येईल इतके मोठे मावत नाही. आमच्या मित्राकडे वरचा भाग होता, तक्ता नव्हता. दुसरे कोणी फक्त तक्त्याचा फोटो ठेवते, त्यात पीएनआर नसतो. पीएनआर नसलेल्या फोटोवरून तपासनीसाने यादीत काय शोधायचे?

म्हणून स्क्रीनशॉट घ्यायचा तर दोन घ्यावेत, आणि दोन्हींत थोडा भाग सारखा येऊ द्यावा, म्हणजे ते एकाच तिकिटाचे आहेत हे कळते. दुसरी अडचण पाठवताना येते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते. तीन ग्रुप फिरून आलेल्या फोटोत ‘३’ आहे की ‘८’ हे कळत नाही. तोच स्क्रीनशॉट ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर अक्षरे स्वच्छ राहतात, पण मग तो आपोआप उतरत नाही. या दोन्हींतला मार्ग म्हणून आम्ही आता पीडीएफ आणि दोन स्वच्छ फोटो असे दोन्ही पाठवतो. फोटो आपोआप पोचतो, पीडीएफ बोट लावून उतरवायला सांगतो.

पीडीएफमध्ये काहीच सुटत नाही. पूर्ण तिकीट, भाडे आणि क्यूआर कोड सगळे त्यात असते. हवे तेवढे मोठे करून वाचता येते आणि प्रिंटही काढता येते. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर Booked Ticket History मध्ये जाऊन ती मिळते. ती उतरवल्यावर मोबाईलच्या Downloads फोल्डरमध्ये जाते. तिथे ‘हे काय आहे’ अशा नावाच्या पन्नास फायली असतात, म्हणून तिचे नाव बदलून ‘दादर ५ डिसेंबर’ असे ठेवले तर फलाटावर शोधाशोध होत नाही.

दोन्ही प्रती गोठलेल्या असतात

पीडीएफ असो की स्क्रीनशॉट, एक मर्यादा दोघांनाही आहे. ज्या क्षणी काढले त्या क्षणाचीच स्थिती त्यात राहते. नंतर चार्टमध्ये झालेला बदल त्यात आपोआप येत नाही.

आमच्या सहा जणांच्या पीडीएफमध्ये चौघांना एस-४ डबा होता आणि दोघे वेटिंगवर होते. गाडी सुटण्याच्या काही तास आधी चार्ट तयार झाला तेव्हा त्या दोघांना एस-६ मध्ये जागा मिळाली होती. तसा एसएमएसही आला, पण तिकीट काढताना दिलेल्या नंबरवर, म्हणजे पुढे गेलेल्या कार्यकर्त्याच्या मोबाईलवर. फलाटावरच्या दोघांना हे माहीतच नव्हते. हातकणंगल्याला गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते. सगळे एस-४ मध्ये चढले आणि तपासनीस आल्यावर त्याने यादीत पाहून दोघांना एस-६ मध्ये पाठवले. नवी प्रत असती तर काकूंना रात्री पिशव्या घेऊन डब्यातून डब्यात जावे लागले नसते.

याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. तिकिटावरचे सगळेच प्रवासी चार्टनंतरही वेटिंगवर राहिले, तर ई-तिकीट आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यात परत जातात. ज्याच्याकडे जुना स्क्रीनशॉट आहे त्याला ते दिसत नाही. तो वेटिंगचे तिकीट समजून गाडीत चढतो, पण नियमाने त्याच्याकडे तिकीटच नसते. म्हणून वेटिंग किंवा आरएसी असेल तर चार्ट झाल्यावर, घरातून निघण्यापूर्वी, नवी प्रत उतरवायचीच. आणि तिकीट काढताना मोबाईल नंबर प्रत्यक्ष प्रवास करणाऱ्याचा द्यायचा. एसएमएस मोबाईलमध्ये साठलेला राहतो. विमान मोडवरही तो वाचता येतो, आणि तो चालतोही.

लोकलचे तिकीट: इथे दोन्ही चालत नाहीत

आता दंडाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी चैत्यभूमीवर अभिवादन करून आमच्यातली चार मुले घाटकोपरला नातेवाइकांकडे निघाली. एकाने रेल्वेच्या ॲपवर चौघांचे एकच तिकीट काढले. गर्दीत दोघे मागे राहतील असे वाटले म्हणून त्याने तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून त्यांना पाठवला. रात्रीच्या गाडीत स्क्रीनशॉट चालला होता, मग इथेही चालेल असा त्याचा हिशेब. मागच्या दोघांना उतरल्यावर पुलावर तपासनीसाने थांबवले. त्यांनी स्क्रीनशॉट दाखवला. तो त्याने मान्य केला नाही. विनातिकीट प्रवासाला भाड्याशिवाय किमान २५० रुपये माणशी द्यावे लागतात. दोघांचे पाचशेच्या वर गेले. मुलांना वाटले अन्याय झाला. आम्हालाही आधी तसेच वाटले, पण नियम वाचल्यावर चूक आमची होती हे कळले.

लोकलचे किंवा कोणत्याही गाडीचे अनारक्षित तिकीट घ्या. त्याचा चार्ट नसतो आणि कोणत्याही यादीत आपले नाव नसते. तपासनीसाकडे जुळवून पाहायला काहीच नसते, म्हणून मोबाईलमधले तिकीट हाच एकमेव पुरावा ठरतो. त्याचा फोटो चालू दिला तर एका तिकिटावर पन्नास जण प्रवास करतील. यासाठी असे तिकीट ज्या मोबाईलवर काढले त्याच मोबाईलला बांधलेले असते, आणि ॲपमधल्या Show Ticket या पर्यायातूनच ते दाखवावे लागते. स्क्रीनशॉट, पीडीएफ, दुसऱ्याला पाठवलेला फोटो यांपैकी काहीही ग्राह्य नाही. एका तिकिटावर चार जण असतील तर चौघांनी त्या मोबाईलसोबतच राहायला हवे. मोबाईलची बॅटरी संपली तर इथे ५० रुपयांची सवलतही नाही. प्रवासी विनातिकीट धरला जातो.

नेटवर्कचे काय? तिकीट काढताना इंटरनेट लागते, पण काढलेले तिकीट मोबाईलमध्ये साठते. यूटीएस ॲपमध्ये ते नेटवर्कशिवाय दाखवण्याची सोय केलेली होती. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने आरक्षित आणि अनारक्षित अशी दोन्ही तिकिटे देणारे रेलवन ॲप आणले. त्यामुळे आता दोन्ही तिकिटे एकाच ॲपमध्ये शेजारी शेजारी दिसू शकतात आणि घोळ वाढू शकतो. ॲप कोणतेही असो, तिकीट काढल्यावर फलाटावर जाण्यापूर्वी विमान मोडची तीच परीक्षा करा. ॲपमधून लॉगआउट करू नका, ते काढून टाकू नका.

अशी तिकिटे काढताना दोन पर्याय येतात. एक कागदाशिवायचे आणि दुसरे छापून घ्यायचे. छापून घ्यायचे निवडले असेल तर स्टेशनच्या यंत्रावर किंवा खिडकीवर प्रिंट घेतल्याशिवाय ते तिकीट नाही, मोबाईलमध्ये कितीही स्पष्ट दिसले तरी. ६ डिसेंबरसाठी नागपूरसारख्या ठिकाणांहून मुंबईला सुटणाऱ्या विशेष गाड्यांपैकी काही अनारक्षित असतात. त्यांनाही हाच नियम लागू आहे. ज्यांच्याकडे साधा मोबाईल आहे, किंवा ज्यांची बॅटरी दुपारीच संपते, त्यांनी सरळ खिडकीवरचे कागदी तिकीट घ्यावे. त्याला ना नेटवर्क लागते ना चार्जर.

आता आम्ही काय करतो

आमच्या गटात आता निघण्याच्या दिवशी, चार्ट झाल्यावर, एक जण सगळ्यांची नवी पीडीएफ आणि दोन फोटो पाठवतो. प्रत्येकाने पीडीएफला बोट लावून ती उतरवायची, विमान मोडवर उघडायची आणि ग्रुपवर ‘उघडले’ एवढेच लिहायचे. ज्याचे उत्तर आले नाही त्याला फोन जातो. ज्येष्ठांच्या पिशवीत एक चिठ्ठी असते. तिच्यावर पीएनआर, गाडीचा नंबर, डबा, बर्थ आणि सोबत असलेल्या एकाचा मोबाईल नंबर लिहिलेला असतो. मूळ ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात असते. लोकलसाठी जे एकत्र फिरणार नाहीत, ते आपले तिकीट आपणच काढतात.

गेल्या खेपेला गाडी यायच्या आधी काकूंनी कोणालाच काही विचारले नाही. त्यांनी चिठ्ठी काढली, वाचली आणि आम्हालाच म्हणाल्या, “एस-४. पुढं चला, हा डबा आपला न्हाई.”